मुलाला गणितात थोडी मदत हवी आहे? अ‍ॅप निवडण्याआधी चूक कुठे होतेय ते बघा

माझी भाची सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. दिवाळीनंतर ताईचा फोन आला, "हिचं अपूर्णांकाचं गाडं अडलंय, एखादं चांगलं अ‍ॅप सांग." मी प्ले स्टोअरवर चांगलं रेटिंग असलेलं एक अ‍ॅप टाकून दिलं. प्रत्येक प्रश्नाला टायमर, चुकलं की लाल रंग आणि आवाज, वर रोजची लीडरबोर्ड. आठव्या दिवशी तिनं टॅब बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मामा, मला गणित येतच नाही."

चूक माझी होती. ते अ‍ॅप ज्याला गणित येतं त्याचा वेग वाढवण्यासाठी होतं. हिला वेग नको होता, कुठेतरी सुटलेली एक पायरी हवी होती. ती पायरी कशी शोधायची आणि त्यासाठी अ‍ॅप कसं वापरायचं, ते आज बघूया. मी खान अकॅडमी वापरलं, कारण ते मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि सरावाला घड्याळ लावलेलं नाही.

आधी वहीतल्या चुका वाचा

अ‍ॅप सांगतं की ५ पैकी २ बरोबर. पण उरलेली ३ *कशी* चुकली, ते वहीत दिसतं. म्हणून पहिला नियम असा की उत्तर टॅबवर, पण रीत वहीत.

भाचीच्या वहीत हे होतं:

१/२ + १/३ = २/५
१/४ + २/३ = ३/७

दोन्हीकडे एकच चूक आहे बघा. अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले. ही घाईत झालेली चूक नाही, तिनं मनात एक नियम बनवलाय आणि तो ती इमानदारीनं पाळतेय.

आता ३/८ + १/६ हे उदाहरण घ्या. बरोबर उत्तर १३/२४. मुलानं ४/१४ लिहिलं तर तीच कल्पनेची चूक. पण १२/२४ लिहिलं तर छेद समान करणं त्याला कळलंय, फक्त पाढ्यात किंवा बेरजेत घसरलंय. अ‍ॅप दोघांनाही सारखाच "चूक" शेरा देतं. पहिल्याला अपूर्णांक पुन्हा समजून हवेत, दुसऱ्याला ८ आणि ६ चे पाढे पुरतील.

एक पायरी खाली उतरा

खान अकॅडमीवर हिंट दाबली की उदाहरण पायरीपायरीनं सुटत जातं. भाचीनं हिंट बघून पुढचं उदाहरण बरोबर सोडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा २/५! रीत पाठ झाली होती, पण छेद समान का करायचा ते कळलं नव्हतं.

मी विचारलं, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर अजून एक तृतीयांश. आता अर्ध्याहून जास्त झाली की कमी?"
"जास्त."
"आणि २/५ म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?"
ती थांबली. पाचातले अडीच म्हणजे अर्धे, दोन म्हणजे कमी. "अरे, मग हे उत्तर कसं येईल?" हे तिचं तिलाच दिसलं, लाल रंगाची गरज पडली नाही.

मग मी एक पायरी खालचा प्रश्न दिला: १/२ = किती/६? तिनं लिहिलं ५/६. का? "२ चे ६ करायला ४ मिळवले, म्हणून वरही ४." सापडलं! अडचण बेरजेत नव्हतीच, सममूल्य अपूर्णांकात होती.

इथे वहीचे चौकोन कामाला आले. ६ चौकोनांची पट्टी काढली. तिचा अर्धा भाग म्हणजे ३ चौकोन, म्हणून १/२ = ३/६. एक तृतीयांश म्हणजे २ चौकोन, म्हणून १/३ = २/६. मिळून ५ चौकोन, म्हणजे ५/६. सारख्या मापाचे तुकडे केल्याशिवाय मोजता येत नाही, एवढंच तिला कळायचं होतं. टॅबवरच करायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं `Fractions: Intro` हे मोफत सिम्युलेशन ब्राउझरमध्ये उघडा. छेद कमी-जास्त करून तुकडे लहान-मोठे होताना दिसतात.

अ‍ॅपवर हे नेमकं कसं लावायचं

मुलाला पूर्ण कोर्स देऊ नका. तिथे इयत्ता लिहिलेली असते. अमेरिकी अभ्यासक्रमात सममूल्य अपूर्णांक तिसरी-चौथीत येतात, म्हणून सहावीतल्या मुलाला वर "3rd grade" किंवा "4th grade" दिसतं आणि तिथेच मन खट्टू होतं. त्याऐवजी सर्चमध्ये `Equivalent fractions` शोधून तो सराव तुम्हीच उघडून द्या. तो जमला की `Add fractions with unlike denominators`.

आम्ही रोज एकच सराव ठेवला, फार तर १५ मिनिटं. तीन दिवस फक्त सममूल्य अपूर्णांक, चौथ्या दिवशी बेरीज. प्रत्येक उत्तर टाइप करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे अर्ध्याहून जास्त असायला हवं की कमी?

इथे अ‍ॅपची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हिंट घेतली की तो प्रश्न चुकल्यात धरला जातो. सरावात ७० टक्के मिळाले की `Familiar`, सगळे बरोबर आले की `Proficient`. नंतर युनिट टेस्टमध्ये चुकलं तर पातळी खालीही येते. मोठ्यांना हे ठीक वाटतं, पण आधीच घाबरलेल्या मुलाला ती शिक्षा वाटते. मी भाचीला सांगून टाकलं, "हिंट हवी तेवढी घे, तो शिकण्याचा दिवस. उद्या तोच सराव हिंटशिवाय करू." पातळीकडे आम्ही दुसऱ्या दिवशीच बघायचो. मुलाचं खातं पालकांच्या खात्याला जोडलं तर काय केलं, किती बरोबर आलं ते तुम्हाला तुमच्या फोनवर दिसतं. म्हणजे मागे उभं राहून बघायची गरज नाही.

अ‍ॅपला काय दिसत नाही

पर्याय दिलेल्या प्रश्नात मूल अंदाजानं बरोबर येऊ शकतं. म्हणून हिरवी खूण दिसली तरी दोन दिवसांनी, टॅब बंद ठेवून, एक उदाहरण कागदावर द्या आणि "हे असं का केलंस?" विचारा. सांगता आलं तर वरची पायरी. नाही आलं तर पुन्हा पट्टी काढा.

भाचीला मी शेवटी २/५ + १/२ दिलं. तिनं १० चौकोनांची पट्टी काढली, ४ आणि ५ रंगवले आणि ९/१० लिहिलं. मग स्वतःच म्हणाली, "अर्ध्याहून जास्त आहे, बरोबर असणार." टॅब तेव्हा दप्तरात होता.