श्रवणयंत्र दुपारीच बंद पडतं तेव्हा

रात्रभर चार्ज केलेलं श्रवणयंत्र दुपारी दोनलाच बंद पडलं, तर बॅटरी गेली असं लगेच समजू नका. आधी एक पाहा: दोन्ही कानांची यंत्रं एकाच वेळी बंद पडतात की एकच? एकच पडत असेल, तर दोन्ही यंत्रं सारखी वापरूनही एक कमी चार्ज झालंय, असा संशय घ्यावा.

बऱ्याच यंत्रांवर धातूचे बारीक ठिपके असतात आणि चार्जिंगच्या डबीच्या खाचेत त्यांना टेकणाऱ्या पिना. घाम, तेल आणि कानातला मळ यांचा पातळ थर तिथे बसतो. त्यामुळे ठिपके पिनांना नीट टेकत नाहीत आणि चार्जिंग मध्येच तुटतं. कोरड्या, मऊ कापडाने ठिपके पुसा, पिनांवरून कोरडा मऊ ब्रश हलकेच फिरवा. पाणी, सॅनिटायझर, पॉलिशपेपर नको. घासल्याने वरचा मुलामा निघतो. काही यंत्रं ठिपक्यांविना चार्ज होतात, तिथे फक्त खाच स्वच्छ ठेवा.

मग डबी तपासा. यंत्र ठेवताच दिवा लागतो का, झाकण लावल्यावरही तो टिकतो का, हे पाहा. डबीत स्वतःची बॅटरी असेल तर ती रिकामी नाही ना, याची खात्री करा आणि एक रात्र ती थेट भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवा. अदलाबदल करण्याची सोय नसल्यास उजवं यंत्र डाव्या खाचेत कोंबू नका.

दोन्ही यंत्रं सारखीच लवकर संपत असतील, तर दिवसभर ब्लूटूथवर फोन किंवा टीव्ही ऐकणं हे कारण असू शकतं. तेही नसेल आणि यंत्र तीन-चार वर्षांचं असेल, तर लिथियम बॅटरी थकली असण्याची शक्यता आहे. ती श्रवणतज्ज्ञामार्फतच बदलून घ्या.