कोण म्हणणार, कोण ऐकणार?

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसायचा असला की आधी देवळाच्या भिंतीवर पत्रिका लागते. वेळा गावागणिक थोड्या मागेपुढे होतात, पण क्रम साधारण ठरलेला असतो. पहाटे काकडआरती, उजाडताना विष्णुसहस्रनाम, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री हरिकीर्तन आणि त्यानंतर जागर. स्तोत्र, भजन, कीर्तन आणि आरती हे चारही प्रकार एकाच दिवसात येतात आणि कोणी कोणाच्या वेळेत घुसत नाही.

शहरातल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मात्र घोळ होतो. ‘एक दिवस काहीतरी भक्तीचं ठेवू या’ असे बैठकीत ठरते आणि तासाभरात स्तोत्रही हवे, भजनही हवे, शिवाय आठला आरती, असा बेत निघतो. हे चारही प्रकार देवासमोर गायचेच, तेव्हा फरक तो काय, असे वाटणे साहजिक आहे. फरक आहे तो जमलेल्या माणसांना कोणते काम मिळते यात.

स्तोत्रात श्रोता नसतो. जमलेला प्रत्येक जण तेच शब्द, त्याच क्रमाने, एकाच वेळी म्हणतो. शब्द ठरलेले, छंद ठरलेला, आणि बहुतेक स्तोत्रांच्या शेवटी पठणाचे फळ सांगणारी फलश्रुतीही ठरलेली. महाभारताच्या अनुशासनपर्वातले विष्णुसहस्रनाम किंवा बुधकौशिक ऋषींची रामरक्षा बरीचशी अनुष्टुभ छंदात आहे. आठ-आठ अक्षरांचे चार चरण असल्याने श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळते. स्तोत्र संस्कृतच असायला हवे असेही नाही. समर्थ रामदासांचे भीमरूपी स्तोत्र मराठीतच आहे.

सामूहिक पठण बिघडते ते वेगामुळे. पाठ असणारे पुढे पळतात, कागदात बघून म्हणणारे मागे पडतात आणि चौथ्या-पाचव्या श्लोकाला दोन गट ऐकू येऊ लागतात. त्यावर उपाय म्हणजे माइक एकाच सावकाश म्हणणाऱ्याच्या हाती देणे आणि मोठ्या टायपात छापलेला पाठ आधीच वाटणे. निवडही जपून करावी लागते. पुण्यात ऋषिपंचमीला दगडूशेठ गणपतीसमोर हजारो महिला एका आवाजात अथर्वशीर्ष म्हणतात, ते पाहून प्रत्येक मंडळाला तसेच करावेसे वाटते. पण अथर्वशीर्ष हे उपनिषद आहे, गद्य आहे आणि त्याला स्वर आहेत, त्यामुळे तयारीशिवाय ते एकत्र जुळत नाही. लहान मुले आणि नवखी मंडळी जास्त असतील तर नारदपुराणातले आठ श्लोकांचे संकटनाशन गणेशस्तोत्र बरे. एकवीस आवर्तने करायची असतील, तर फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणत नाहीत, शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणतात.

भजनात काम दोघांत वाटले जाते. बुवा चरण घेतात, टाळकरी ध्रुपद उचलतात. ध्रुपद म्हणजे अभंगातली परतपरत येणारी ओळ. ती एवढी पाठ असली की न शिकलेल्या माणसालाही भजनात शिरता येते. म्हणून वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर ओळी करून उभे राहतात आणि पखवाज मध्ये असतो. एका बाजूने सोडलेले दुसऱ्या बाजूने झेलायचे असते. ठेका साधा, चाल ओळखीची आणि क्रम जुना आहे. आधी रूपाचे अभंग, मग इतर अभंग, गौळण आणि अखेरीस भैरवी.

सोसायटीत भजनी मंडळ स्टेजवर बसवतात, सहा माइक देतात आणि खाली दोनशे खुर्च्या मांडतात. मग खालचे लोक टाळ्या वाजवतात आणि भजनाची मैफल होते. मैफल ऐकायची असेल तर त्यात वावगे काही नाही. कोकणात गणपतीत रंगणाऱ्या डबलबारीत दोन बुवांचा सामना असतो, तिथे ऐकणाऱ्यांची गर्दीच लागते. पण लोकांनी गावे अशी इच्छा असेल तर मंडळाला सतरंजीवर बसवावे, आठ-दहा जोड टाळ जमलेल्यांत वाटावेत आणि ध्रुपद दोनदा सावकाश म्हणून दाखवावे. जमलेली माणसे पंधरा-वीसच असतील, वेळ कमी-जास्त होणार असेल, तर भजनाइतके सोयीचे दुसरे काही नाही. एखादा अभंग गाळला किंवा वाढवला तरी काही मोडत नाही.

कीर्तनात ही मोकळीक नसते. इथे एक जण उभा राहून बोलतो, गातो, समजावतो, आणि बाकीचे ऐकतात. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादे पद किंवा अभंग घेऊन त्यातला विचार उलगडतात. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून, म्हणजे कथेतून, दाखवला जातो. वारकरी कीर्तनात असे दोन भाग नसतात. एकच अभंग घेऊन चरणाचरणावर निरूपण चालते, इतर संतांची वचने प्रमाण म्हणून येतात आणि मागे उभे असलेले टाळकरी, विणेकरी बुवांना साथ देतात.

यातली रचना लक्षात घेतली नाही की गडबड होते. दोन तासांचे कीर्तन ‘पाऊण तासात आटपा’ म्हटले की बुवांना पूर्वरंग गुंडाळावा लागतो. मग आख्यान रंगते, पण ते कशासाठी सांगितले हे कळत नाही. कीर्तन ठेवायचेच तर तो दिवस त्याच्यासाठी मोकळा ठेवावा, मागे जेवणाची पंगत मांडू नये आणि मुलांच्या स्पर्धा दुसऱ्या दिवशी घ्याव्यात. गाडगेबाबांचा मार्ग वेगळा होता. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर काढून घेत आणि मध्येमध्ये गजर धरत. पण त्यासाठी समोर बसलेल्या माणसांची ओळख लागते आणि तेवढा वेळही.

आरती या तिघांहून वेगळी, कारण ती मुळात गाणे नाही, कृती आहे. निरांजन ओवाळायचे असते आणि ते ओवाळले जात असताना तोंडाने म्हणायचे ते आरतीचे पद. म्हणून सगळे उभे राहतात आणि पूजेची सांगता तिने होते. कापूर लवकर विझतो, तेव्हा तो शेवटी लावतात. आरती कागदाविना, कानांनी शिकली जाते, त्यामुळे ‘उटी’ची ‘ओटी’ होते आणि ‘फणिवर’चे ‘फळीवर’. आरत्या वाढत गेल्या की वेग वाढतो, ताम्हण धरणाऱ्याचा हात भरून येतो आणि मागची मुले प्रसादाकडे बघू लागतात. चार-पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली एवढे पुरे होते.

या कामांच्या वाटणीत सरमिसळही होते. काकडआरती नावाला आरती, पण तिच्यात अभंगांचा भाग मोठा असतो. कीर्तन आरतीनेच संपते. तरीही निवड करताना ‘कोण म्हणणार, कोण ऐकणार’ हा प्रश्न कामी येतो.

पाच दिवसांच्या सोसायटी उत्सवाची आखणी मग अशी होऊ शकते. पहिल्या दिवशी प्रतिष्ठापनेनंतर फक्त आरती, कारण सगळे दमलेले असतात. दुसऱ्या सकाळी घरी असणाऱ्यांसाठी स्तोत्रपठण. तिसऱ्या संध्याकाळी सतरंजीवर भजन. चौथ्या दिवशी, तो सुट्टीचा असेल तर, रात्री पूर्ण दोन तासांचे कीर्तन. पाचव्या दिवशी विसर्जनाआधी पुन्हा आरती. दुःखाच्या घरी मात्र हिशेब बदलतो. दशक्रियेला प्रवचन आणि वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तिथे घरच्यांवर गाण्याचा भार नसतो, त्यांनी नुसते बसून ऐकले तरी चालते.