पुलडाऊन जमतं, पुल-अप का नाही?

कामतघरच्या जिममध्ये ७० किलो वजनाचा तरुण लॅट पुलडाऊनवर ५० किलो सहज ओढतो, पण बारला लटकला की अडतो. दोन्हींत मुख्य काम पाठीच्या रुंद स्नायूचं, म्हणजे लॅट्सचं. मदतीला दंडाचा बायसेप्स आणि खांद्याच्या पात्यांमधले स्नायू. मग अडतं कुठे?

एक तर वजनातच फरक आहे: पुल-अपमध्ये जवळजवळ सगळे ७० किलो उचलावे लागतात. शिवाय पुलडाऊनमध्ये मांड्या पॅडखाली अडकलेल्या असतात आणि धड सीटवर टेकलेलं असतं. बारला लटकल्यावर हा आधार जातो. झुलणारं शरीर सरळ ठेवायला कण्यालगतच्या स्नायूंना जुंपावं लागतं, बायसेप्सवरचा भारही वाढतो. पाय झोके घेऊ लागले किंवा खांदे कानांकडे चढले, की ताबा सुटला असं समजावं.

अशा वेळी नुसत्या पुलडाऊनच्या प्लेटा वाढवून भागत नाही, कारण तो तोल तिथे शिकताच येत नाही. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यावी आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली यावं. खांदा दुखत असेल तर मात्र लटकू नये.