किक फिरते, पण गाडी सुरू होत नाही

रत्नागिरीकडचा जुलै डोळ्यांसमोर आणा. स्प्लेंडरच्या घडणीची एक जुनी शंभर सीसी मोटरसायकल रात्रभर उघड्यावर भिजली आहे. सकाळी चावी फिरवली, किक मारली, किक मोकळी खाली गेली, इंजिन फिरल्याचा आवाजही आला. पण गाडी काही पेट घेत नाही. अशा वेळी हटकून चोक ओढला जातो आणि पाय दुखेपर्यंत किका मारल्या जातात. दोन-चार किकांत गाडी सुरू झाली नाही, तर तिथेच थांबून प्लग काढावा. पुढे कुठे शोधायचं ते प्लगच सांगतो. (ही सगळी चर्चा कार्ब्युरेटरच्या गाड्यांची. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांनंतर बहुतेक नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शन आलं, त्यांची तपासणी वेगळी.)

त्याआधी किकेकडे लक्ष द्या. ती मोकळी फिरते याचा अर्थ सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं नाही. किक मधेच दगडासारखी अडली, किंवा गाडी पाण्यात बुडाली होती, तर एकही किक मारू नये. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा अशा बुडालेल्या गाड्या पुष्कळ होत्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइल दुधाळ झालं असेल, तर गाडी सरळ मेकॅनिककडे ढकलत न्यावी.

आपली गाडी तशी नाही. तेव्हा प्लगभोवतीचं पाणी आणि चिखल आधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर प्लग काढताच ते छिद्रातून आत जाईल. मग टोपी उपसा, प्लग पान्याने प्लग सोडवा आणि त्याचं टोक पाहून वास घ्या. टोक कोरडं ठणठणीत असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. ओलं असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे संशय स्पार्कवर. टोकावर पाण्याचे बारीक मणी दिसले, तर पेट्रोलबरोबर पाणीही आत शिरतंय.

आता स्पार्क पाहू. प्लग पुसून परत टोपीत बसवा आणि त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवा, रंग लावलेल्या जागी नको. प्लगच्या छिद्रापासून तो लांब असावा, कारण किक मारताच तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेऊ शकते. धरायचं ते टोपीच्या रबराला, कोरड्या हाताने. प्लग इंजिनला न टेकवता किक मारू नये, त्याने सीडीआय किंवा कॉइल बिघडू शकते. टचटच आवाज करत निळसर ठिणगी पडली तर ठीक. पिवळट, बारीक ठिणगीवर विसंबू नका. उघड्या हवेत ती पडते, पण सिलिंडरमध्ये दाबाखाली तिला तेवढी फट ओलांडता येत नाही.

ठिणगी नसेल, तर पहिला संशय टोपीवर घ्यावा. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो. ओलसर, मळलेल्या रबरावरून वीज प्लगच्या टोकाकडे न जाता बाहेरूनच इंजिनच्या धातूवर उतरते. अंधारात किक मारली, तर टोपीभोवती निळी रेघ चमकताना दिसते, इतकी ही गळती स्पष्ट असते. टोपी आतून-बाहेरून पुसून नीट वाळवा. पुष्कळ गाड्यांत ती तारेवर फिरवून बसवलेली असते. ती काढून तारेचं टोक पाहा. तांबं हिरवं-काळं पडलं असेल, तर अर्धा सेंटिमीटर तार कापून टोपी पुन्हा फिरवून बसवा. रबराला तडा असेल, तर नवी टोपीच घ्यावी, कारण तडा पुन्हा पाणी धरणार.

आपल्या गाडीत प्लग पेट्रोलने ओला निघाला, टोपी कोरडी केली तरी ठिणगी नाही. म्हणजे बिघाड वायरिंगमध्ये. बऱ्याच जुन्या शंभर सीसी गाड्यांत इग्निशनची वीज बॅटरीतून येत नाही, ती मॅग्नेटोमधून सीडीआयला मिळते. म्हणून हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतो, यावरून इग्निशन ठीक आहे असं ठरत नाही. चावी बंद केली की गाडी बंद पडते, कारण कुलूप सीडीआयची एक तार, बहुधा काळ्यावर पांढरी रेघ असलेली, चासीला जोडतं आणि स्पार्क मारला जातो. कुलपाचं भोक आभाळाकडे तोंड करून असतं. रात्रभर पाऊस त्यात झिरपला, की चावी चालू असूनही ही तार चासीला टेकल्यासारखी होते.

परीक्षा सोपी आहे. हेडलाइटमागे किंवा टाकीखाली या तारेचा कप्लर शोधा, तेवढीच तार तात्पुरती वेगळी करा आणि पुन्हा ठिणगी पाहा. आपल्या गाडीत आता निळी ठिणगी आली. म्हणजे कॉइल, सीडीआय चांगले आहेत, पाणी कुलपात आहे. कप्लर पुसून वाळवा, कुलपात पाणी हटवणारा स्प्रे मारा. तार सुटीच ठेवून गाडी चालवायची वेळ आली, तर एक लक्षात ठेवावं: चावीने इंजिन बंद होणार नाही, ब्रेक दाबून, गिअरमध्ये क्लच सोडूनच ते बंद करावं लागेल. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाड्यांत मात्र हा उपाय लागू नाही.

आधीच्या किकांनी सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असतं. पेट्रोल कॉक आणि चोक बंद करा, प्लग पुसून बसवा, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा धरून आठ-दहा किका मारा. जादा पेट्रोल उडून जातं आणि इंजिन धापा टाकत सुरू होतं.

ठिणगी चांगली असूनही गाडी हलत नसेल, तर कार्ब्युरेटरकडे वळा. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीतून खाली येत कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी बसतं. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं, त्यात पाण्याचा एक थेंब अडकला तरी पेट्रोलची वाट बंद. वाटीखाली एक स्क्रू असतो, त्याची नळी पारदर्शक बाटलीत सोडा, इंजिन थंड असताना स्क्रू ढिला करा आणि बाटली थोडी स्थिर ठेवा. तळाशी वेगळे मणी किंवा थर दिसला तर पाणीच आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, मग बाटलीत गढूळ थर दिसतो. हा थर आला, तर वाटी रिकामी करून भागत नाही, कॉकची नळी काढून टाकीतलं पेट्रोलही बाटलीत काढून पाहावं लागतं.

एअर फिल्टर भिजला असेल, तर तोही बदलावा किंवा वाळवावा, ओल्या कागदातून हवा जात नाही.

आणि टाकीत पाणी गेलं कुठून, तेही शोधा. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पाऊस साचतो, तो वाहून जायला तिथे बारीक छिद्र आणि खाली उतरणारी नळी असते. तिथे धूळ भरली की पाणी तुंबतं आणि जुन्या, कडक झालेल्या रबरातून टाकीत उतरतं. नळीत पातळ तार घालून मळ काढावा, छिद्रावर थोडं पाणी ओतून ते खाली टपकतं का पाहावं, रबर नवं बसवावं, आणि मगच टाकी भरावी.