ताळेबंद वाचताना : भाग ६
एका नफ्याचे वाटेकरी किती?

चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्र्यात कारखाने असलेल्या वोखार्ट कंपनीने २००४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांकडून ११ कोटी डॉलर उभे केले ते परिवर्तनीय रोख्यांवर. रोखेधारकापुढे दोन वाटा होत्या: ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचे, किंवा मुदत संपली की पैसे परत घ्यायचे. तोवर शेअर छापलेले नव्हते, पण ते मागण्याचा हक्क मात्र विकून झाला होता. प्रतिशेअर कमाई, म्हणजे ईपीएस, काढताना हा हक्क धरायचा की नाही, हा आजचा प्रश्न.

माझ्या मते धरलाच पाहिजे, आणि ‘डायल्यूटेड’ ईपीएस नेमका तेच करतो. कल्पित कंपनी घेऊ. नफा १० कोटी, शेअर १ कोटी. मूळ ईपीएस १० रुपये. तिने ८ टक्क्यांचे २० कोटींचे रोखे काढले आहेत आणि १०० रुपये भावाने त्यांचे २० लाख शेअर होऊ शकतात. ते झाले असे धरले तर १ कोटी ६० लाखांचे व्याज वाचते. २५ टक्के कर वजा जाता नफ्यात १ कोटी २० लाखांची भर पडते. ११ कोटी २० लाख भागिले १ कोटी २० लाख शेअर, म्हणजे ९.३३ रुपये. नफा वाढला तरी ईपीएस उतरला, कारण प्रत्येक नव्या शेअरने सहाच रुपये आणले आणि जुने शेअर दहा कमावत होते. रूपांतराचा भाव २०० असता तर नवे शेअर १० लाखच झाले असते आणि प्रत्येकाने १२ रुपये आणले असते. तेव्हा नियमाप्रमाणे ते रोखे मोजणीतून वगळावे लागतात.

कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनचा हिशेब वेगळा. समजा, ६० रुपयांना शेअर घेण्याचे ५ लाख ऑप्शन आहेत आणि वर्षाचा सरासरी बाजारभाव १५० आहे. येणाऱ्या ३ कोटींत बाजारभावाने २ लाख शेअर बसतात. उरलेले ३ लाख जणू फुकट गेले. तेवढेच मोजायचे. नफ्यात काहीच भर नसल्याने ऑप्शन ईपीएस फक्त खाली ओढतात: ९.३३ वरून ९.११.

यावर आक्षेप असा की रूपांतर कधी होणारच नसेल, तर हे काल्पनिक शेअर कशाला? वोखार्टचेच पाहा. बाजारभाव रूपांतराच्या भावाच्या बराच खाली आला, शेअर घेण्यात अर्थ उरला नाही आणि ऑक्टोबर २००९ मध्ये कंपनीला रोख्यांचे पैसे वेळेवर फेडता आले नाहीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. आक्षेप खरा आहे, पण तो डायल्यूटेड ईपीएसला भाकीत समजतो. तो भाकीत नाही. दिलेल्या शब्दाची नोंद आहे. म्हणून तर रोख्यांच्या बाबतीत नियम बाजारभाव विचारतही नाही. खरी उणीव दुसरीकडे आहे. कंपनी तोट्यात गेली की नवे शेअर धरल्याने प्रतिशेअर तोटा कमीच दिसतो, म्हणून ते वगळले जातात आणि दोन्ही आकडे सारखे छापले जातात. तोट्याच्या वर्षी असे दिसले, तर वार्षिक अहवालातली कर्जाची टीप उघडा आणि रोख्यांच्या परतफेडीची तारीख पाहा.