‘दऱ्या’ दिसतात का, ते आधी पाहा

वाचनयंत्र घेताना पडद्याआधी पुस्तकाचा विचार करा. तुम्हाला हवी ती पुस्तकं कुठल्या दुकानात मिळतात? किंडलवर २०१६च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं विकत मिळतात. पण बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात आणि ते ॲप किंडलवर चालत नाही. त्यासाठी अँड्रॉइड टॅबलेट हवा, किंवा बूक्ससारखं अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र. ते महाग असतं.

ई-इंकचा पडदा कागदासारखा, उन्हातही स्वच्छ दिसतो आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. मात्र जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी सहा इंची पडदा म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. पीडीएफमधलं पान हे चित्र असतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. अशा वाचकाने सरळ दहा इंची टॅबलेट घ्यावा.

आता फाँट. ‘देवनागरी चालते’ एवढ्यावर विसंबू नका, कारण हिंदी नीट दिसली तरी मराठी अडखळू शकते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून काही फाँटांत तो तुटतो. हे दोन शब्द आणि ‘शक्तिमान’ लिहिलेली छोटी फाइल यंत्रात उघडून पाहा. पाय मोडलेला र किंवा भलतीकडे गेलेली वेलांटी दिसली, तर आधी दुसरा फाँट टाकून बघा. किंडलवर तशी सोय आहे.