सायक्लोप्रोपेनचं कडं कोण उघडतं?

सायक्लोप्रोपेनच्या रेणूत तीन कार्बन अणूंचं ताणलेलं कडं असतं. हा वायू 490 अंश सेल्सिअसला ठेवला, की कडं उघडून प्रोपीन तयार होतं. साधारण अर्ध्या तासात निम्मा वायू बदलतो. वायू दुप्पट भरला तरी निम्मा व्हायला तेवढाच वेळ लागतो. रसायनशास्त्रात हिला पहिल्या कोटीची अभिक्रिया म्हणतात. जणू प्रत्येक रेणू शेजाऱ्याची दखलही न घेता आपापला बदलतो.

मग कडं तोडण्याइतकी ऊर्जा त्याला मिळते कुठून? टकरींतून म्हणावं, तर वेग दाबावर अवलंबून असायला हवा. म्हणून ज्याँ पेरँ यांनी भांड्याच्या भिंतींतून येणाऱ्या उष्ण प्रारणाकडे बोट दाखवलं. पण लँगम्यूर यांनी हिशेब मांडला, तेव्हा ते प्रारण फारच अपुरं ठरलं.

उत्तर फ्रेडरिक लिंडेमान यांनी दिलं. ते 1922 साली छापून आलं. डेन्मार्कच्या क्रिश्चनसेन यांनाही तेच स्वतंत्रपणे सुचलं होतं. ऊर्जा टकरीतूनच मिळते, पण रेणू लगेच बदलत नाही. ऊर्जा योग्य बंधात एकवटेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि त्या अवधीत दुसरी टक्कर ती ऊर्जा काढूनही घेऊ शकते. हा मधला अवधीच सगळ्याची किल्ली आहे.

वातावरणाइतक्या दाबाला एका रेणूला सेकंदाला काही अब्ज टकरी बसतात. उत्तेजित झालेले बहुतेक रेणू बदलण्याआधीच शांत होतात. दाब निम्मा केला तर उत्तेजित करणाऱ्या टकरी कमी होतात, तशा शांत करणाऱ्याही. त्यामुळे दर हजारी उत्तेजित रेणूंचं प्रमाण तेच राहतं आणि वेग रेणूंच्या संख्येच्याच प्रमाणात घटतो.

आता दाब खूप उतरवू, पाऱ्याच्या मिलिमीटरच्या छोट्या अंशापर्यंत. इथे दुसरी टक्कर येईतो उत्तेजित रेणू बदलून गेलेला असतो. वेग ठरवते ती फक्त पहिली टक्कर. दाब निम्मा केला की रेणू निम्मे होतात आणि प्रत्येकाला बसणाऱ्या टकरीही निम्म्या. वेग चौथाईवर येतो. हीच दुसरी कोटी. सूत्रात ती अशी दिसते:

वेग = k₁k₂[A]² / (k₋₁[A] + k₂)

दाब जास्त असताना छेदातलं पहिलं पद मोठं असतं, कमी असताना दुसरं.

याची पडताळणी मला फार सुंदर वाटते. दाब उतरून मंदावलेल्या वायूत अभिक्रियेत भाग न घेणारा दुसरा वायू सोडायचा. सायक्लोप्रोपेन एका कणानेही वाढलेला नसतो, तरी बदलाचा वेग पुन्हा चढतो, कारण टकरी पुरवायला परका रेणूही चालतो. हेलियम मात्र यात दुबळा पडतो. त्याचा एकेकटा अणू दर टकरीला थोडीच ऊर्जा देऊ शकतो. मोठे रेणू जास्त देतात.

लिंडेमान यांचं गणित मात्र आकड्यांना पुरतं जुळलं नाही. त्याप्रमाणे वेग पुष्कळ जास्त दाबालाच ढासळायला हवा होता. सिरिल हिन्शेलवूड यांनी कारण दाखवलं: सायक्लोप्रोपेनसारख्या नऊ अणूंच्या रेणूला कंपनाचे 21 प्रकार असतात, आणि ऊर्जा या सगळ्यांत साठू शकते. त्यामुळे पुरेशी ऊर्जा मिळालेले रेणू अंदाजापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि ती ऊर्जा नेमक्या बंधात गोळा व्हायलाही जास्त वेळ लागतो.